बंदुकीच्या गोळीला आवाज किती द्यायचा? शिरीषकुमारवरचं भाषण बसवताना

तालुक्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक म्हणून बसलो होतो. आठवडा क्रांतीदिनाचा, म्हणून निम्म्याहून जास्त मुलांनी नंदुरबारच्या शिरीषकुमारवरच भाषण आणलेलं. पोरगं माईकसमोर यायचं, जन्मापासून सुरुवात करायचं आणि गोळीबाराशी आलं की जीव तोडून ओरडायचं. माईक किंचाळायचा, पुढच्या रांगेतल्या बाया कानावर हात ठेवायच्या. अशी सात-आठ भाषणं झाल्यावर सहावीतली एक मुलगी आली. गोळीच्या जागी तिचा आवाज इतका खाली गेला, की मंडपातला पंखा ऐकू आला. पहिला नंबर कोणाचा, हे मला तिथेच कळलं.

त्यानंतर माझ्या वर्गातल्या मुलांची भाषणं मी त्याच रीतीने बसवू लागलो. गेल्या वर्षी शहादा तालुक्यातल्या एका मुलीसोबत बसवलेलं भाषण इथे पूर्ण देतो आहे. आवाज कुठे चढवला, कुठे उतरवला, हात कधी हलवला, तेही सोबत आहे. पहिल्यांदाच स्पर्धेला मूल पाठवणाऱ्या आई-वडिलांनी आणि नव्या शिक्षकांनी हे भाषण जसंच्या तसं पाठ करून घेऊ नये. ते कसं उभं राहिलं तेवढं बघावं.

आधी एक दिवस निवडा

चार मिनिटांत अख्खं चरित्र मावत नाही. मूल स्टेजवर मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतं. घरी तेच मूल दीडशे बोलतं, म्हणून आई-वडिलांचा हिशोब चुकतो आणि सहाशे शब्द लिहून दिले जातात. मग पोरगी दम न घेता धावते आणि शेवट घंटेखाली जातो. चार मिनिटांची स्पर्धा असेल तर पावणेतीनशे ते तीनशे शब्द पुरे. उरलेला वेळ थांबण्याला लागतो, आणि थांबणं हा भाषणाचाच भाग आहे.

म्हणून आम्ही एकच दिवस घेतला, ९ सप्टेंबर १९४२. जन्म, आई-वडील, शाळा हे सगळं गाळलं. जन्मतारीख ठेवली, पण ती शेवटी.

भाषण

उभी एक रेघ म्हणजे अर्धा श्वास. दोन रेघा म्हणजे मनात एक, दोन, तीन मोजायचं. वहीत ह्या रेघा पेन्सिलने ओढा, कारण सरावात त्या जागा बदलतात.

"अध्यक्ष, परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. ||

माझं वय बारा. || माझ्या दप्तरात एक कंपास आहे, | चार वह्या आहेत | आणि आईने दिलेला डबा आहे. || आज मी ज्या मुलाबद्दल सांगणार आहे, | तो माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा होता. || त्या दिवशी त्याच्या हातात दप्तर नव्हतं. | तिरंगा होता. ||

त्याचं नाव शिरीषकुमार मेहता. | गाव नंदुरबार. || १९४२चा ऑगस्ट उजाडला. | मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी मंत्र दिला, | करेंगे या मरेंगे. || दुसऱ्या दिवशी पहाटेच मोठे मोठे नेते तुरुंगात गेले. | सरकारला वाटलं, | झालं, | चळवळ संपली! || पण बातमी गावोगाव पसरली, | तापीच्या खोऱ्यात आली | आणि नंदुरबारच्या पोरांपर्यंत पोचली. ||

बरोबर एक महिन्याने, | ९ सप्टेंबरला, | नंदुरबारच्या रस्त्यावर मिरवणूक निघाली. | पुढे कोण होतं? | शाळकरी पोरं! || हातात झेंडा, | ओठांवर घोषणा. || वंदे मातरम्! | नहीं नमशे, | नहीं नमशे! || घरात गुजराती बोलणारा तो मुलगा सांगत होता, | हे निशाण झुकणार नाही. || मिरवणूक माणिक चौकाजवळ आली. | पोलिसांनी वाट अडवली. | परत जा, | असा हुकूम झाला. || पोरं हलली नाहीत. ||

लाठ्या चालल्या. | झेंडा खाली आला नाही. || बंदुका वर झाल्या. | असं सांगतात, | की बंदुकीची नळी मिरवणुकीतल्या मुलींकडे वळली, | तेव्हा शिरीष पुढे झाला. || त्याने छाती पुढे केली. || गोळी सुटली. || शिरीषकुमार मेहता. | लालदास शहा. | धनसुखलाल वाणी. | शशिधर केतकर. | घनश्यामदास शहा. ||

शिरीषचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. | सोळा पूर्ण व्हायला अजून साडेतीन महिने बाकी होते. || मी काकांसोबत नंदुरबारला गेले, तेव्हा त्याच्या स्मारकापाशी उभी राहिले. | बाजूने रिक्षा जात होत्या, | शाळा सुटलेली पोरं जात होती. || मी हळूच विचारलं, | दादा, | तुझ्या दप्तराचं काय झालं असेल रे? ||

जय हिंद."

ह्यात दोन जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. पहिली 'असं सांगतात' ही. पोलिसाला आणि शिरीषला लांबलचक संवाद देणारी भाषणं मी बरीच ऐकली. त्या क्षणी तो नेमकं काय बोलला, हे शब्दाला शब्द लिहून ठेवलेलं नाही. मुलाच्या तोंडी बनावट वाक्य घालण्यापेक्षा 'असं सांगतात' म्हटलं की भाषण खरं राहतं आणि परीक्षकालाही पोराचा अभ्यास दिसतो. दुसरी जागा वयाची. 'सोळा वर्षांचा शिरीष' असं सर्रास म्हणतात, पण तारखा वजा करून पाहा, तो पंधराचा होता. सोळावं चालू होतं.

स्मारकाचं वाक्य त्या मुलीने घेतलं, कारण ती खरंच जाऊन आली होती. तुमचं मूल गेलेलं नसेल तर ते वाक्य काढा. 'त्याचा फोटो आमच्या वर्गात लावला आहे' असं काहीही चालेल, फक्त घडलेलं असावं.

आवाजाच्या तीन पायऱ्या

मुलांना 'आवाजात चढउतार आण' सांगितलं की ती प्रत्येक वाक्याचा शेवट वर नेतात. ह्यालाच आपण हेल म्हणतो. हेल आहे की नाही ते तपासायची सोपी युक्ती अशी, की मुलाला तोंड मिटून अख्खा परिच्छेद नुसता गुणगुणायला सांगा. चारही वाक्यांची चाल एकच ऐकू आली तर तो हेल आहे.

मी पोरांना तीन आवाज देतो. पहिला, बाजूच्या खाटेवर बाळ झोपलंय तेव्हाचा. दुसरा, घरात जेवताना बोलतो तो. तिसरा, बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारतो तो. आमच्याकडे कपाशीच्या शेतात तिसरा आवाज सगळ्यांनाच येतो, शिकवावा लागत नाही. शिकवावा लागतो तो पहिला.

ह्या भाषणातलं बरंचसं दुसऱ्या आवाजात आहे. तिसरा आवाज एकाच जागी येतो, 'वंदे मातरम्' आणि 'नहीं नमशे' ह्या घोषणांना. बाकी कुठेही नाही. चटणी सगळ्या ताटभर पसरली तर भाकरीची चवच लागत नाही, तसं ओरडण्याचं आहे. तिसरा आवाज घशातून आला तर मुलगी खोकते. ओरडण्याआधी तिचा हात पोटावर ठेवा. पोट आत गेलं की आवाज पोटातून आला, खांदे वर गेले की घशातून.

'पोरं हलली नाहीत' ह्या वाक्यापासून उतरायला लागायचं. 'लाठ्या चालल्या' दुसऱ्या आवाजात, पण जरा भरभर. 'बंदुका वर झाल्या' इथे वेग मोडायचा. 'त्याने छाती पुढे केली' इथे आवाज पहिल्यावर येतो. मग तीन आकडे मोजायचे. मग 'गोळी सुटली', तेही पहिल्याच आवाजात आणि सपाट, बातमी सांगावी तसं. ऐकणाऱ्याच्या कानात घोषणेचा मोठा आवाज अजून असतो, म्हणून ह्या शांततेला वजन येतं. आधी घोषणाच दबक्या झाल्या असतील तर इथला हळू आवाज नुसता विसरल्यासारखा वाटतो.

हळू म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजीत नुसती हवा असते आणि माईकमध्ये तिची फुसफुस होते. पहिल्या आवाजातही प्रत्येक अक्षराला कंठ लागला पाहिजे.

सगळ्यात मोठी गफलत वाक्याच्या शेपटाला होते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी, आणि 'नाही' तर त्याच्याही शेवटी. श्वास संपत आला की मूल नेमका तोच शब्द गिळतं. 'झेंडा खाली आला...' एवढंच मागच्या रांगेला पोचलं तर अर्थ उलटा झाला की हो! एका सरावात मागे बसलेल्या शिपाईमामांनी मला खरंच विचारलं, "सर, झेंडा पडला का मग?" तेव्हापासून मी 'नाही', 'नाहीत', 'नव्हतं' ह्या शब्दांना वहीत गोल करतो. त्या वाक्यांच्या आधी नवा श्वास घ्यायचा, म्हणजे शेवटच्या शब्दाला दम उरतो.

'गोयी' आणि 'गोळी'

खान्देशातल्या मुलांची ही खास गोष्ट आहे. घरात अहिराणी असेल किंवा लेवा गणबोली, 'ळ' बहुतेक वेळा 'य' होऊन येतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. आणि ह्या भाषणाचा कणाच 'गोळी' हा शब्द. मुलगी सरावात 'गोयी सुटली' म्हणाली आणि वर्ग हसला. त्या दिवशी ती नंतर बोललीच नाही.

हसणाऱ्यांना मी गप्प केलं, पण दुरुस्ती तर करावी लागणारच होती. घरची बोली चुकीची नाही, हे तिला आधी सांगितलं. स्पर्धेची भाषा वेगळी आहे, एवढंच. मग अख्ख्या भाषणावर न जाता दहाच शब्दांची यादी काढली. गोळी, शाळकरी, पहाटे, निशाण, मिरवणूक, माणिक, शिरीष, शशिधर, शहा, हुकूम. 'ळ'साठी जीभ उलटी वळवून टाळूला लावायची आणि खाली सोडायची. आधी 'अळ, इळ, उळ', मग 'गोळ', मग 'गोळी'. 'ण'चंही तसंच, नाहीतर 'मानिक' होतं. 'शिरीष'चं 'सिरीस' होऊ नये म्हणून 'श'ला ओठ जरा पुढे. रोज दात घासल्यावर आरशासमोर पाच मिनिटं. सहाव्या दिवशी 'गोळी' बसली. घाईत बोलली की मात्र पुन्हा 'गोयी', म्हणून त्या वाक्याआधीचा तीन आकड्यांचा थांबा तिच्या जिभेच्याही कामी आला.

हात

माझ्या मते ह्या भाषणाला तीन हावभाव पुरेत. एरवी हात बाजूला, मोकळे, बोटं सैल. पाठीमागे बांधले की कवायत वाटते. पुढे गुंफले की मूल बोटं मोडत बसतं.

पहिला हावभाव दप्तराचा. 'माझ्या दप्तरात' म्हणताना उजवा हात खांद्यावरच्या पट्ट्याला जावा तसा खांद्याशी जातो. हा हावभाव नीट बसवा, कारण शेवटी तो परत येणार आहे.

दुसरा झेंड्याचा. 'वंदे मातरम्'ला उजवी मूठ वर. कपाळाच्या उंचीपर्यंत, त्याहून वर नाही, आणि कोपर अंगापासून जरा लांब. हात डोक्यावर गेला की लहान मुलाचा चेहरा झाकतो आणि शर्ट वर सरकतो. मूठ शब्दाच्या किंचित आधी निघाली पाहिजे. शब्द बोलून झाल्यावर हात उठला, तर बघणाऱ्याला पाठांतर दिसतं. आणि हात वर गेला तसा खाली यायलाही वेळ द्या. घोषणा संपली, दोन रेघांचा थांबा आला, त्या थांब्यात हात सावकाश उतरतो. झटकन टाकला तर माशी हाकलल्यासारखं दिसतं.

तिसरा शेवटचा. 'तुझ्या दप्तराचं' म्हणताना हात पुन्हा त्याच खांद्याशी. तो आता तिथेच राहतो.

गोळीबाराच्या जागी एकही हावभाव नाही. दोन बोटांची बंदूक, छातीवर थाप, मागे कोसळण्याचा अभिनय, हे सगळं मी पाहिलं आहे. ते नाटकात चालेल. वक्तृत्वात मूल शिरीष होत नसतं, ते शिरीषबद्दल सांगत असतं.

पाच नावांना हात हलवायचा नाही, नजर हलवायची. प्रत्येक नावाला मंडपातली एक जागा ठरवून दिली. डावीकडे, उजवीकडे, मध्ये, शेवटच्या रांगेत, आणि पाचवं नाव परीक्षकांकडे बघून. नावं भरभर म्हटली तर हजेरी वाटते. प्रत्येक नाव पूर्ण, मग नजर, मग पुढचं नाव.

सराव, आणि आजीची परीक्षा

आठ दिवस मिळाले तर पहिले तीन पाठांतराला द्या, पण रोज सुरुवातीपासून नाही. रोज पहिल्या ओळीपासून म्हटलं की पहिला परिच्छेद पक्का होतो आणि शेवट कच्चाच राहतो. आम्ही उलटं केलं. पहिल्या दिवशी शेवटचा तुकडा, दुसऱ्या दिवशी शेवटचे दोन, असं पुढे येत गेलो. पाच तुकड्यांना पाच शब्द: दप्तर, नाव, मिरवणूक, लाठ्या, जन्म. हे पाच शब्द बोटांवर.

मग मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, म्हणजे कोणता हात उगाच हलतो ते दिसतं. आमच्या मुलीचा डावा अंगठा प्रत्येक स्वल्पविरामाला ओढणी ओढत होता, तिला स्वतःला पत्ता नव्हता. दुसऱ्यांदा मोबाईल पालथा ठेवून नुसतं ऐका. आरशासमोर भाषणाचा सराव मी करून घेत नाही. आरशात मूल स्वतःकडे बघायला शिकतं आणि स्टेजवर त्याला बघायचं असतं दुसऱ्यांकडे.

सातव्या दिवशी घरी भाषण झालं. आजी ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसली होती, नातीकडे अर्धंच लक्ष. 'त्याने छाती पुढे केली' झालं आणि मुलगी थांबली. एक, दोन... आजीचा सुपातला हात थांबला. "मंग काय व्हयनं?" आजीने विचारलं. मुलीने तिसरा आकडा मोजला आणि 'गोळी सुटली' म्हणाली. थांबा बरोबर बसला आहे, ह्याची ह्याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. तुमच्या घरातल्या माणसाने तिथे मोबाईल पाहिला किंवा 'विसरली वाटतं' म्हटलं, तर थांब्याआधीचा आवाज पुरेसा उतरलेला नाही किंवा मुलाची नजर भिरभिरते आहे. थांब्यात नजर एका जागी स्थिर हवी, छताकडे गेली की सगळ्यांना ते विसरणंच वाटतं.

स्पर्धेच्या दिवशी

मुलाला माईकजवळ आधी एकदा उभं करून घ्या. स्टँड मोठ्यांच्या उंचीचा असतो आणि तो खाली करायला कोणी येत नाही. माईक हनुवटीच्या पातळीला, तोंडापासून एक वीत लांब. घोषणेला डोकं आणखी अर्धी वीत मागे घ्यायचं, पहिल्या आवाजाला तेवढंच पुढे यायचं. एवढं केलं तर माईक किंचाळत नाही आणि हळू वाक्यंही शेवटपर्यंत पोचतात. डायस उंच असेल तर त्याच्या बाजूला उभं राहायची परवानगी मागा, नाहीतर मुठीशिवाय काहीच दिसणार नाही.

तोंडाला कोरड पडते म्हणून पाणी द्या, पण साधं. गार पेप्सीकोला आणि मंडपाबाहेरची तळलेली भजी भाषणानंतर.

पहिली घंटा बहुतेक ठिकाणी एक मिनिट उरलं की वाजते. घंटा वाजली की मुलं दचकून वेग वाढवतात. आम्ही सरावातच ताटावर चमचा वाजवत होतो, कधी मध्येच, कधी दोनदा. तिला सांगून ठेवलं होतं, की घंटा ऐकली तर काहीही गाळायचं नाही, आपल्या भाषणाला वेळ आहे.

आणि विसरलंच तर? जीभ चावायची नाही, 'सॉरी' म्हणायचं नाही, पहिल्यापासून तर मुळीच नाही. बोटावरचा पुढचा शब्द आठवायचा आणि त्या तुकड्यावर उडी मारायची. त्या दिवशी तिचं असंच झालं. 'सरकारला वाटलं' म्हणाली आणि पुढचं गेलं. मी खाली बसून बोटं मोडत होतो. तिने एक, दोन, तीन मोजलं आणि सरळ 'बरोबर एक महिन्याने' म्हणाली. तिन्ही परीक्षकांपैकी एकानेही मान वर केली नाही. उतरल्यावर मला म्हणाली, "सर, सरकारला काय वाटलं ते सांगायचंच राहिलं."